मॉनिटरच्या फोटोत ८२ दिसतं तेव्हा

आयसीयूत भेटायला गेलेला भाचा मॉनिटरचा फोटो काढून घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतो आणि पुण्यापासून दुबईपर्यंत सगळ्यांची झोप उडते. समजा, त्या फोटोत HR समोर ८८ आहे, SpO2 समोर ८२ आणि शेजारी बारीक अक्षरांत PR ५१. ऑक्सिजन एरवी ९५च्या आसपास किंवा वर असतो, त्यामुळे ८२ पाहून पोटात गोळा येणारच. पण आधी बाकीचे दोन आकडे बघा.

HR म्हणजे छातीवरच्या इलेक्ट्रोडनी मोजलेले हृदयाचे ठोके, तर PR म्हणजे बोटाच्या क्लिपने मोजलेली नाडी. हृदय एकच, म्हणून दोन्ही आकडे जवळपास सारखे हवेत. ठोके फार अनियमित असतील तर खराखुरा फरक पडू शकतो. नाहीतर इथे क्लिपला बरेच ठोके सापडतच नाहीयेत. ही क्लिप बोटातून लाल आणि इन्फ्रारेड प्रकाश सोडते आणि प्रत्येक ठोक्याला रक्त वाढतं-ओसरतं त्यावरून ऑक्सिजनचा हिशेब मांडते. नाडीच हुकली तर हिशेबही चुकतो.

याची खूण ऑक्सिजनच्या आकड्यालगतच्या Pleth नावाच्या लाटेत दिसते. चांगली लाट झपकन चढते, सावकाश उतरते आणि पुन्हापुन्हा तशीच येते. फोटोत ती चपटी किंवा वेडीवाकडी असेल तर ८२वर लगेच विश्वास ठेवू नका. हात थंडगार आहे, पेशंट कुडकुडतोय, क्लिप सरकलीय, नखांना गडद नेलपॉलिश आहे, अशी कितीतरी कारणं असतात. सगळ्यात फसवं कारण बीपीच्या पट्ट्याचं. तो त्याच हातावर असेल तर फुगताना बोटाकडचं रक्त अडतं, आकडा कोसळतो, अलार्म वाजतो. पट्टा सैल झाला की थोड्या वेळात सगळं पूर्ववत. भाच्याने फोटो नेमका अलार्म वाजल्यावर काढलेला असतो!

उलट लाट सुबक असेल, PRही ८८च्या जवळ असेल आणि तरीही ८२ असेल, तर तो आकडा खरा धरायचा आणि नर्सला तत्काळ सांगायचं.

फोटोत न दिसणारी गोष्टही महत्त्वाची असते. साध्या हवेवरचे ९६ आणि मास्कमधून भरपूर ऑक्सिजन देऊन मिळालेले ९६ यांत मोठा फरक आहे. जुन्या सीओपीडीच्या अनेक रुग्णांत तर डॉक्टर मुद्दाम ८८ ते ९२च ठेवतात. म्हणून फोटो पाठवायचाच असेल तर ऑक्सिजन किती चालू आहे आणि डॉक्टरांनी किती आकडा ठेवायला सांगितलाय, हे विचारून सोबत लिहा. आणि पेशंटला धाप लागली असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा तो हाकेला नीट ओ देत नसेल, तर पडद्यावर काहीही दिसो, फोन खिशात टाका आणि नर्सला बोलवा.