अंड्यातून एकच प्रथिन वेगळे काढताना

कोंबडीच्या अंड्याचा पांढरा भाग फेटला की फेस होतो, तापवला की गोठतो. खाणाऱ्याला तो एकच पदार्थ वाटतो. प्रथिने शुद्ध करणाऱ्याच्या दृष्टीने मात्र ती भरपूर गर्दी असते. या भागात पाण्याखालोखाल असतात ती प्रथिने, साधारण दहा टक्के. त्यांतला निम्म्याहून जास्त वाटा एकट्या ओव्हाल्ब्युमिनचा. त्यामागे ओव्होट्रान्सफेरिन आणि ओव्होम्युकॉइड येतात, आणि बरेच मागे लायसोझाइम, एकूण प्रथिनांच्या साडेतीन टक्क्यांच्या आसपास. अगदी तळाशी ॲव्हिडिन, अवघे ०.०५ टक्के.

लायसोझाइम जिवाणूंच्या भिंती विरघळवते. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२२ मध्ये नाकातल्या स्रावात त्याचा शोध लावला. अंड्याच्या पांढऱ्यात ते भरपूर असल्याने आजही ते तिथूनच काढतात, आणि काही चीज मुरताना जिवाणूंमुळे फुगून फुटू नयेत म्हणून वापरतात. ॲव्हिडिनचे काम वेगळे. ते बायोटिन हे जीवनसत्त्व इतके घट्ट धरते की कच्चे पांढरे खूप दिवस खाणाऱ्याला बायोटिनची कमतरता होऊ शकते.

समजा दहा अंड्यांचे ३०० मिलिलिटर पांढरे समोर आहे. त्यात सुमारे ३० ग्रॅम प्रथिने आहेत, म्हणजे लायसोझाइम साधारण १ ग्रॅम आणि ॲव्हिडिन १५ मिलिग्रॅम. दोन्ही शुद्ध हवी आहेत. हाताशी तीन पद्धती आहेत: विद्युतभारावर वेगळे करणारी आयन एक्सचेंज, आकारावर वेगळे करणारी जेल फिल्ट्रेशन आणि प्रथिनाच्या खास ओळखीवर वेगळे करणारी ॲफिनिटी. तिन्हींत बारीक मण्यांनी भरलेली उभी नळी, म्हणजे कॉलम, असते. द्रावण वरून घालायचे आणि खालून थोडे थोडे गोळा करायचे.

आकाराने वेगळे करणे सर्वांत सोपे वाटते. स्वीडनमधल्या पोराथ आणि फ्लोडिन यांनी १९५९ मध्ये ही पद्धत मांडली. मण्यांना सूक्ष्म छिद्रे असतात. जत्रेत लहान मुले प्रत्येक दुकानात शिरतात आणि मागे राहतात, मोठी माणसे सरळ पुढे जातात, तसे इथे होते. लहान रेणू छिद्रांत शिरत शिरत उशिरा बाहेर येतात, मोठे आधी. लायसोझाइमचे रेणूभार १४,३०० आणि ओव्हाल्ब्युमिनचे ४५,०००. फरक चांगला मोठा आहे. मग सुरुवात याच पद्धतीने का करू नये?

अडचण मापाची आहे. या कॉलमवर प्रथिने चिकटत नाहीत, फक्त मागेपुढे होतात. त्यामुळे वर घातलेला थर जितका जाड, तितके खाली येणारे पट्टे एकमेकांत मिसळतात. कॉलमच्या आकारमानाच्या चार-पाच टक्क्यांहून जास्त नमुना घातला तर वेगळेपण जाते, आणि बारीक काम हवे असेल तर दोन टक्केही पुरे. प्रयोगशाळेतला नेहमीचा १२० मिलिलिटरचा कॉलम घेतला तर एका वेळी २ मिलिलिटर. म्हणजे ३०० मिलिलिटर पांढऱ्यासाठी दीडशे फेऱ्या. शिवाय पांढरे इतके चिकट असते की पातळ केल्याशिवाय ते कॉलममधून उतरणार नाही. तिप्पट पातळ करा, फेऱ्या साडेचारशे होतील. पद्धत चांगली आहे, पण तिची जागा सुरुवातीला नाही.

विद्युतभाराचे गणित इथे फार अनुकूल आहे. प्रत्येक प्रथिनाचा एक पीएच असा असतो, जिथे त्याच्यावरचे धन आणि ऋण भार बरोबरीत येतात. द्रावणाचा पीएच त्याच्यापेक्षा कमी असेल तर प्रथिन धन होते, जास्त असेल तर ऋण. ओव्हाल्ब्युमिनचा हा बिंदू साधारण ४.५, ओव्होम्युकॉइडचा ४.१, ओव्होट्रान्सफेरिनचा ६ च्या थोडा वर. लायसोझाइमचा मात्र ११ च्या आसपास आणि ॲव्हिडिनचा १० च्या आसपास. म्हणजे पीएच ९ वर गर्दीतली जवळजवळ सगळी प्रथिने ऋण असतात, आणि आपल्याला हवी असलेली दोन धन. इतकी ठळक फारकत फार थोड्या मिश्रणांत मिळते.

आता रेझिन कोणते घ्यायचे? ऋण भाराचे मणी घेतले तर त्यांना ही दोन धन प्रथिने चिकटतील आणि बाकीचे २९ ग्रॅम सरळ वाहून जातील. धन भाराचे मणी घेतले तर उलट होईल: २९ ग्रॅम चिकटतील आणि हवी ती दोन आधीच निघून येतील. कागदावर दोन्ही मार्ग सारखेच, पण रेझिनच्या खर्चात मोठा फरक आहे. १ मिलिलिटर रेझिन ३० मिलिग्रॅम प्रथिन धरते असे सावधपणे मानले, तर १ ग्रॅमसाठी ३३ मिलिलिटर लागते आणि थोडा वाव ठेवून ५० मिलिलिटर घेतले की झाले. २९ ग्रॅमसाठी जवळपास एक लिटर लागेल. जे थोडे आहे ते चिकटवायचे आणि जे फार आहे ते जाऊ द्यायचे, हे गणित रेझिन घेण्याआधीच मांडावे.

प्रत्यक्ष काम असे चालते. पांढरे कमी मिठाच्या, पीएच ९ च्या बफरमध्ये तीन-चार पट पातळ करतात आणि हळू ढवळतात, कारण फेस झाला की प्रथिने बिघडतात. लांब चिकट तंतूंचा ओव्होम्युसिन नावाचा भाग उरतो तो मलमलीतून गाळून आणि सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून काढायचा. तो राहिला तर कॉलम तुंबतो. त्याच्या ऋण तंतूंना धन लायसोझाइम चिकटून राहण्याचाही धोका असतो, म्हणून गाळ फेकण्याआधी त्यातली क्रियाशीलता मोजावी. कॉलमवर द्रावण उतरवले की सुरुवातीला प्रथिनांचा मोठा लोट येतो, तो नको असलेल्यांचा. मग बफरने धुवायचे आणि शेवटी मिठाचे प्रमाण हळूहळू वाढवायचे. मिठातले सोडियम आयन मण्यांवरची जागा घेतात आणि चिकटलेली प्रथिने सुटतात.

इथे हमखास चुकणारी गोष्ट म्हणजे मीठ. पांढरे पुरेसे पातळ केले नाही, तर त्यातल्या मूळच्या क्षारांमुळे प्रथिने नीट चिकटतच नाहीत. चूक ओळखायची कशी? वाहून गेलेल्या द्रावणात लायसोझाइम शोधायचे. मायक्रोकॉकस जिवाणूंचे दुधाळ पाणी घेऊन त्यात एक थेंब टाकतात. लायसोझाइम असेल तर जिवाणू फुटतात आणि दुधाळपणा डोळ्यांदेखत उतरतो. ४५० नॅनोमीटरवर तो मोजताही येतो. वाहून गेलेले पाणी दुधाळपणा उतरवू लागले, तर कॉलम भरला आहे किंवा मीठ जास्त झाले आहे.

समजा मिठाने सुटलेल्या भागात ९५० मिलिग्रॅम प्रथिन आहे आणि त्यात ८५० मिलिग्रॅम लायसोझाइम. सुरुवातीला तीस भागांत एक भाग असलेले प्रथिन आता दहांत नऊ भाग झाले, आणि तेही एकाच टप्प्यात. गमवावे लागले पंधरा टक्के. पण ॲव्हिडिन? तेही धन असल्याने त्याच भागात आहे, आणि इतके थोडे की अतिनील किरणांनी काढलेल्या आलेखात लायसोझाइमच्या डोंगराखाली पुरते दबलेले.

ते पाहायला जेलवर प्रथिने ताणून वेगळी करण्याची नेहमीची चाचणी घेतली तर फसगत होते. त्या चाचणीत डिटर्जंट घालून उकळतात आणि ॲव्हिडिनचे चार सारखे तुकडे सुटे होतात, प्रत्येकी साधारण १६,०००चे. ते लायसोझाइमच्या १४,३०० शेजारीच येऊन बसतात. न उकळलेल्या द्रावणात मात्र चारही एकत्र असतात आणि रेणूभार सुमारे ६७,००० भरतो. आता जेल फिल्ट्रेशनची वेळ येते. द्रावण दाट करून २ मिलिलिटर कॉलमवर घातले की ॲव्हिडिन आधी येते आणि लायसोझाइम बरेच नंतर. एक खबरदारी घ्यावी लागते. बफरमध्ये ०.१५ मोलर मीठ ठेवायचे. मीठ नसेल तर धन लायसोझाइम मण्यांच्या थोड्याशा ऋण भाराला अडखळते आणि आकाराने सांगितलेल्यापेक्षा उशिरा बाहेर येते. मग त्याच्या जागेवरून काढलेला रेणूभार चुकतो. आयन एक्सचेंजमधून आलेले द्रावण खारट असते, ते इथे उपयोगीच पडते. उलट क्रमाने गेलो असतो तर हेच मीठ आधी काढून टाकावे लागले असते.

१५ मिलिग्रॅम ॲव्हिडिनसाठी मात्र दहा ग्रॅमच्या वस्तूत एक कण शोधावा तशी गत असते, म्हणून ॲफिनिटी. क्वाट्रेकासास, विल्चेक आणि ॲन्फिन्सेन यांनी १९६८ मध्ये तिला नाव आणि रूप दिले. ज्याला प्रथिन ओळखते तो रेणू मण्यांवर बांधायचा. बायोटिन बांधले तर ॲव्हिडिन लगेच धरले जाते, आणि मग सुटतच नाही. सोडवायला तीव्र ग्वानिडीन आणि पीएच १.५ लागतो, म्हणजे प्रथिनाची घडी मोडावी लागते. ओळख घट्ट असणे आणि ती परत सोडवता येणे, या दोन्ही गोष्टी ॲफिनिटीत आधी तपासाव्या लागतात. इथे इमिनोबायोटिन मदतीला येते. ते ॲव्हिडिनला पीएच ११ वर धरते आणि पीएच ४ वर सोडते. आयन एक्सचेंजमधून आलेल्या खारट द्रावणाचा पीएच ११ करून ते थेट या छोट्या कॉलमवर उतरवता येते. मिठामुळे लायसोझाइम केवळ भाराच्या जोरावर चिकटत नाही, आणि ते वाहून जाते.

अंड्यातल्यासारखी भाराची सोय प्रत्येक प्रथिनाला नसते. म्हणून आज जिवाणूंकडून बनवून घेतलेल्या प्रथिनाला जनुकातच सहा हिस्टिडीनची शेपटी जोडतात, आणि ती निकेलच्या कॉलमला चिकटते. इमिडॅझोल घातले की सुटते. ई. कोलायची स्वतःची काही हिस्टिडीनयुक्त प्रथिनेही तिथे येऊन बसतात, म्हणून धुताना थोडे इमिडॅझोल ठेवतात. शेपटी नको असेल तर ती टीईव्ही नावाच्या विकराने तोडायची आणि द्रावण पुन्हा त्याच निकेलच्या कॉलममधून न्यायचे. आता सुटी झालेली शेपटी, स्वतःची शेपटी असलेले विकर आणि मघाशी आलेले ई. कोलायचे उपरे चिकटून राहतात, आणि हवे ते प्रथिन पहिल्याच पाण्यात बाहेर येते.