पगडी : सीमेच्या अलीकडे आणि पलीकडे

आमच्या एका तरुण सहकाऱ्यास पांढुर्ण्याच्या जुन्या बाजारात दवाखाना थाटायचा होता. जुना भाडेकरू २ लाख रुपये पगडी घेऊन गाळा सोडणार होता. भाडे दरमहा १५० रुपये. पावती मात्र त्याच्याच नावाने फाटत राहणार. ‘नागपुरात तर सर्रास चालते,’ असे सहकारी म्हणाला. मी त्यास थांबविले.

महाराष्ट्रात ३१ मार्च २००० पासून अमलात आलेल्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५६ने पगडीस मान्यता दिली. भाडेकरू हक्क सोडताना आणि मालक संमती देताना ती घेऊ शकतो. पांढुर्णा, सौसर बोलतात मराठी, पण कायदा भोपाळचा! येथील १९६१च्या स्थान नियंत्रण अधिनियमाने भाड्यावर पगडी घेणे निषिद्ध ठरविले आहे. तो अधिसूचित क्षेत्रांतच लागू होतो. आपली जागा त्यात येते काय, हे वकिलाकडून आधी पाहून घ्यावे. येत असल्यास, मालकाच्या लेखी संमतीवाचून घेतलेला गाळा पोटभाड्याचा ठरतो आणि कलम १२ खाली मालक तो खाली करून मागू शकतो. तोवर जुना भाडेकरू गेलेला असतो, आणि २ लाखांची पावती कोणी दिलेली नसते.

सहकाऱ्याने थेट मालकाची गाठ घेतली. भाडे ४,००० रुपये ठरले, पगडी नाही. करारनामा व पावती त्याच्या स्वतःच्या नावाची.