सांत्वनाच्या आठ ओळी

घरातला तरुण मुलगा गेला की भेटायला येणारे आईवडिलांपाशी बसतात, त्याच्या बायकोपाशी बसतात. बहीण चहाचे कप भरत असते. तिला विचारतात ते, ‘आई जेवली का?’ आणि निघताना सांगतात, ‘आता तूच त्यांना सांभाळायचं.’ तिचाही भाऊ गेला आहे, हे त्या गर्दीत मागे पडतं. म्हणून अशा मैत्रिणीला चार ओळी लिहायच्या असतील, तर त्या फक्त तिला उद्देशून हव्यात. त्यांत तिच्यावर नवी जबाबदारी नको.

‘काळाने घाला घातला’, ‘ईश्वर सहनशक्ती देवो’, ‘दुःखात सहभागी आहोत’ ही वाक्यं खोटी नसतात, पण ती कुणाच्याही निधनाला चालतात. ओळ लिहून झाली की गेलेल्याच्या जागी दुसरं नाव घालून पाहावं. तरीही ती तशीच चालत असेल, तर काढून टाकावी. ‘तो ताऱ्यांत आहे’, ‘सुटला बिचारा’ हे तर आपल्याला ठाऊक नसलेलं सांगणं झालं. ‘तुझं दुःख मी समजू शकते’ हेही तसंच.

मग उरतं काय? गेलेल्या माणसाची एखादी कृती. ती शक्यतो मैत्रिणीनेच कधीतरी सांगितलेली असावी, म्हणजे तिला माहीत नसलेलं काही आपण उघड करत नाही आणि आपल्या ओळखीचा तोराही मिरवत नाही. ‘तो फार प्रेमळ होता’ असं लिहिण्यापेक्षा तो काय करायचा ते लिहावं.

समजा, बहीण-भाऊ एकाच सायकलवरून शाळेत जायचे. ती पुढे पॅडल मारायची, धाकटा राजू कॅरिअरवर बसायचा. एवढ्या आठवणीवर आठ ओळी उभ्या राहतात:

चढ लागताच राजू
मुकाट उतरायचा;
दोन्ही दप्तरे पाठीला,
मागून ढकलायचा.

मी तो चढ पाहिलेला
नाही. रविवारी येते.
बोलावे वाटले, तर
बोल, नाहीतर बसू.

छंद अष्टाक्षरी आहे. प्रत्येक ओळीत आठ अक्षरं, ऱ्हस्व-दीर्घाचा हिशेब नाही, जोडाक्षर एकच धरायचं. मोजून घेतल्यामुळे ओळ पसरत नाही आणि आवाज चढत नाही. ‘मुकाट’च्या जागी आधी ‘झटकन’ सुचलं होतं. त्याने एक अक्षर वाढत होतं आणि नुसता वेग दिसत होता. ‘मुकाट’ने मुलाचा स्वभाव दिसला. पहिल्या कडव्यात यमक आपसूक आलं, दुसऱ्यात मुद्दाम आणलेलं नाही. ‘आठवण’च्या मागे ‘साठवण’ आणि ‘श्वास’च्या मागे ‘विश्वास’ ओढला जातो. यमकाच्या हट्टाने टाळलेली वाक्यं मागल्या दाराने परत येतात.

दुसऱ्या कडव्याची सुरुवात आपल्याला काय ठाऊक नाही, ते कबूल करून होते. तो चढ दोघांनी मिळून चढलेला. त्याची साक्षीदार आता ती एकटीच. पुढे फक्त एक वार आहे, जो पाळता येतो. ‘कधीही हाक मार’ असं लिहिलं, तर हाक मारायचं काम तिच्यावरच पडतं. शेवटच्या ओळीत आधी ‘पुन्हा सांग तो’ असं होतं. तो हुकूम वाटला, म्हणून न बोलण्याची मोकळीक शेवटी ठेवली. अर्थात रविवारी जाणं जमणार नसेल, तर ती ओळ लिहूच नये.

मित्राने भावंडाचा शोक मांडायची वाट मराठीत जुनी आहे. ज्ञानेश्वरांनी 1296 मध्ये आळंदीला समाधी घेतली. त्या प्रसंगावर नामदेवांचे समाधीचे अभंग आहेत. त्यांत थोरल्या निवृत्तीनाथांची तगमगही येते. जे गुरूही होते, त्या ज्ञानी भावालाही नामदेव शोकातून वगळत नाहीत.

ही रीत सगळीकडे लागू पडत नाही. भावंडांत अबोला असेल, मिळकतीवरून कोर्टकचेरी झाली असेल किंवा मृत्यू आत्महत्येने झाला असेल, तर गोड आठवण निवडून पाठवणं तिला टोचू शकतं. तिथे पहिलं कडवं गाळून फक्त येण्याचा दिवस कळवावा. कविता घरच्या ग्रुपवर टाकू नये. कागदावर लिहून तिच्या हातात द्यावी, तीही तेराव्यानंतर, पाहुणे पांगल्यावर. आणि वाचून ती काहीच बोलली नाही, तर ‘आवडली का?’ असं विचारू नये.