मुरूम लागला, आता थांबायचं का?

पाया किती खोल घ्यायचा, असं विचारताना आपल्याला आकडा हवा असतो. उत्तर मात्र खड्ड्यात असतं. पुण्याकडचा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, वरून झिजत मुरूम होतो. म्हणून वर काळी माती, मग मऊ मुरूम, कठीण मुरूम आणि खाली खडक असे थर बहुधा लागतात.

समजा, एका घरासाठी आपण चार खड्डे घेतले. तिघांत ६ फुटांवर कठीण मुरूम आला. तिथे कुदळ उसळते, पहारीनेच ढेपा निघतात. चौथ्यात ४ फुटांवरच दगड लागला. मुकादम म्हणतो, "साहेब, खडक लागला." इथंच आपण फसतो. बेसाल्ट कांद्यासारखा पापुद्र्यांनी झिजतो आणि मधला गाभा गोटा होऊन मुरमात उरतो. घण मारला तर तोही खणखणतोच. म्हणून त्याच्या कडेने खाली खणून पाहायचं. खाली मऊ मुरूम निघाला, तर तो गोटा. तो काढून तिथंही कठीण मुरमात फूटभर शिरायचं. नाहीतर एक कोपरा जास्त खचतो आणि भिंतीला तिरकी भेग पडते.

शेवटचं एक: उघडा मुरूम पावसात भिजून मऊ पडतो. तळ साफ झाला की काँक्रीटचा थर त्याच दिवशी टाकावा.