विश्लेषण : भंडारा उधळला की यूट्यूबवर व्हिडिओ का ‘फुटतो’?

समजा, मुखेडच्या एखाद्या तरुणाने माळेगावच्या खंडोबा यात्रेत देवस्वारीचे सहा मिनिटांचे चित्रीकरण केले. मोबाइलवर सगळे लख्ख दिसते. यूट्यूबवर टाकल्यावर मात्र, ‘येळकोट येळकोट’च्या गजरात भंडारा उधळला जातो नेमक्या त्या क्षणी चित्राचे चौकोनी ठोकळे होतात. पिवळ्या धुळीऐवजी पिवळा चिखल दिसतो. त्यात फोन किंवा नेटवर्कचा दोष असेलच असे नाही. अनेकदा चूक एडिटिंग अ‍ॅपमध्ये ‘एक्सपोर्ट’चे बटण दाबताना झालेली असते.

भंडाराच का अडतो?

व्हिडिओ जसाच्या तसा साठवला तर फाइल प्रचंड मोठी होईल. म्हणून कोडेक नावाची पद्धत तो दाबून लहान करते. आधीच्या फ्रेममध्ये जे होते ते पुन्हा साठवायचे नाही, फक्त बदल साठवायचा, हे तिचे मुख्य तंत्र. खुर्चीत बसून बोलणाऱ्या माणसामागची भिंत बदलत नाही, त्यामुळे तिथे फारसे काही साठवावे लागत नाही. उधळलेल्या भंडाऱ्याचा मात्र कण न् कण वेगळ्या दिशेने जातो. आधीच्या फ्रेममधले फार थोडे उपयोगी पडते.

अशा वेळी प्रत्येक सेकंदाला किती डेटा वापरायची मुभा आहे, हे महत्त्वाचे ठरते. त्यालाच बिटरेट म्हणतात. तो अपुरा पडला की कोडेक बारीक तपशील सोडून देतो आणि ठोकळे उरतात.

शिवाय यूट्यूब तुमची फाइल तशीच दाखवत नाही. ती उघडून वेगवेगळ्या दर्जाच्या स्वतःच्या प्रती बनवते आणि पुन्हा दाबते. म्हणजे तुमची फाइल हा कच्चा माल. त्यातच ठोकळे असतील तर दुसऱ्या दाबात ते आणखी ठसठशीत होतात.

मग आकडा किती ठेवायचा?

यूट्यूबची शिफारस अशी : एमपी४ फाइल, H.264 कोडेक, एएसी आवाज. फुल एचडी म्हणजे १०८०पी व्हिडिओ ३० फ्रेमचा असेल तर बिटरेट ८ एमबीपीएस, ६० फ्रेमचा असेल तर १२. सहा मिनिटे म्हणजे ३६० सेकंद. ८ एमबीपीएसने २,८८० मेगाबिट, म्हणजेच सुमारे ३६० एमबीची फाइल होते.

मुलाखतीला एवढे पुरते. भंडाऱ्याच्या दृश्यांसाठी दुप्पट, १६ एमबीपीएस ठेवलेले बरे. फाइल ७२० एमबीची होईल आणि अपलोडचा वेग ५ एमबीपीएस असेल तर चढायला सुमारे १९ मिनिटे लागतील. तेवढी कळ काढावी. मात्र ५० एमबीपीएसचा हट्ट नको. अनेक अँड्रॉइड फोन फुल एचडी चित्रीकरणच साधारण १५ ते २० एमबीपीएसने करतात. जे टिपलेच गेले नाही ते एक्सपोर्ट करताना कुठून येणार? फाइल मात्र सव्वादोन जीबीची होईल आणि तासभर चढत राहील.

काही अ‍ॅपमध्ये आकडा दिसत नाही, फक्त कमी-जास्त करायची पट्टी असते. ती वरच्या टोकाला न्यावी. H.265 मध्ये तोच दर्जा बराच कमी जागेत बसतो आणि यूट्यूब ते स्वीकारते, पण जुन्या संगणकावर एक्सपोर्टला फार वेळ लागतो.

पालखी अडखळत का चालते?

इथे गोंधळ फ्रेम रेटचा असतो. मोबाइल बहुतेक वेळा सेकंदाला ३० फ्रेम घेतो, लग्नाच्या शूटिंगचा कॅमेरा अनेकदा २५ वर ठेवलेला असतो. मोबाइलची क्लिप २५ च्या प्रोजेक्टमध्ये टाकली तर दर सहा फ्रेममधली एक गळते. कॅमेरा पालखीबरोबर फिरवताना तो झटका चटकन जाणवतो. उलट केले तर दर पाचव्या फ्रेमनंतर एक फ्रेम दोनदा दिसते. म्हणून बहुतांश चित्रीकरण ज्या फ्रेम रेटचे, त्याच फ्रेम रेटचा प्रोजेक्ट आणि एक्सपोर्टही तोच. ३० चे ६० केल्याने हालचाल आपोआप मऊ होत नाही.

आणि मित्रांकडून क्लिप मागवताना त्या व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवाव्यात. साधा व्हिडिओ म्हणून पाठवली की तिथेच ती एकदा दाबली जाते, मग पुढचे सगळे आकडे व्यर्थ.

चूक कशी ओळखायची?

अपलोड झाल्याबरोबर व्हिडिओ धूसर दिसला तर घाबरून तो काढू नये. यूट्यूब आधी कमी दर्जाची प्रत तयार करते, एचडी मागून येते. दर्जाच्या यादीत 1080p दिसू लागल्यावर तोच निवडून पाहावे. तरीही ठोकळे असतील तर एक्सपोर्ट केलेली फाइल मोबाइलवरच उघडून भंडाऱ्याचे दृश्य थांबवून बघावे. तिथेही ठोकळे असतील तर बिटरेट वाढवून फाइल पुन्हा काढावी. फाइल स्वच्छ असेल तर ते नुकसान यूट्यूबच्या दुसऱ्या दाबात झालेले आहे. त्यावर पूर्ण इलाज नाही, पण तोच व्हिडिओ 1440p मध्ये मोठा करून चढवल्यास यूट्यूब त्या मोठ्या प्रतीला जास्त बिटरेट देते. ती प्रत निवडून पाहणाऱ्याला भंडारा बराच भंडाऱ्यासारखा दिसतो.

सगळा व्हिडिओ चढवण्याआधी भंडाऱ्याचे फक्त ३० सेकंद वेगळे काढून ‘अनलिस्टेड’ ठेवून पाहिले तर पुढची १९ मिनिटे वाया जात नाहीत.