तापलेले तांबे पाण्यात टाकल्यावर

उकळत्या पाण्यातून काढलेला, 100 अंश सेल्सिअसचा 200 ग्रॅम तांब्याचा ठोकळा 20 अंशांच्या 300 ग्रॅम पाण्यात टाकला, तर दोघांचे अंतिम तापमान किती? सरासरी काढून 60 म्हणण्याचा मोह होतो, पण ते उत्तर फार चुकते.

भांडे उष्णतारोधक असेल, तर तांब्याने गमावलेली उष्णता पाण्यालाच मिळते. म्हणून आधी प्रत्येकाचे तापमान एका अंशाने बदलायला किती उष्णता लागते ते काढावे. एक ग्रॅम तांब्याला 0.385 ज्यूल लागतात, पाण्याला 4.18. म्हणजे आपल्या ठोकळ्याला 77 ज्यूल, पाण्याला तब्बल 1254. अंतिम तापमान T धरले, की

77 × (100 − T) = 1254 × (T − 20)

यावरून T सुमारे 24.6 अंश येते. ठोकळा 75 अंशांनी थंड होतो, पाणी जेमतेम साडेचार अंशांनी तापते.

प्रयोगात आकडा थोडा वर आला, तर ठोकळ्याला चिकटून आलेल्या गरम पाण्यावर आधी संशय घ्यावा. तो झटपट पुसायला हवा. खाली आला, तर भांड्यानेही आपला वाटा घेतलेला असतो.

ठोकळा 500 अंशांचा असेल, तर हेच समीकरण 47.8 अंश सांगते. मात्र पाण्याची वाफ होऊन ती निसटते, आणि एक ग्रॅम वाफ गेली तरी उत्तर जवळजवळ दोन अंशांनी घसरते. तेव्हा निसटलेली वाफ हिशेबात धरल्याशिवाय या समीकरणावर विसंबू नये.