ढगात वळायचं ते घड्याळ पाहून

सेसना १७२ सारखं एका इंजिनाचं छोटं विमान दाट ढगात शिरलं आहे, आणि नेमका व्हॅक्यूम पंप बंद पडतो. जुन्या घडणीच्या विमानात दिशा दाखवणारी आणि विमानाचा कल दाखवणारी, अशी दोन्ही जायरोस्कोपची उपकरणं या एका पंपावर चालतात. विजेवर चालणारा टर्न कोऑर्डिनेटर शाबूत असतो. त्याखेरीज काचेमागे डुलणारं होकायंत्र आणि सेकंदकाट्याचं घड्याळ.

मग होकायंत्र पाहूनच का वळू नये? कारण पृथ्वीची चुंबकीय ओढ आडवी नसते, ती खालीही खेचते. सरळ उडताना हे जाणवत नाही, पण वळणात विमान कललं की ही खालची ओढ तबकडी फिरवते. उत्तर गोलार्धात उत्तरेकडे जाताना उजवीकडे वळलात, तर होकायंत्र आधी डावीकडे वळल्यासारखं दाखवतं. दक्षिणेच्या आसपास ते उलट पुढे पळतं. भारताच्या दक्षिण टोकाजवळ ही ओढ जवळजवळ आडवी असल्याने तिथे घोळ कमी, युरोपात बराच जास्त. शरीरावरही विसंबता येत नाही. क्षितिज दिसत नसलं की कानातला तोल सांभाळणारा भाग एकसारख्या वळणाला थोड्याच वेळात सरळ उड्डाण समजू लागतो.

म्हणून वळणाचा वेगच ठरवून टाकला आहे: सेकंदाला ३ अंश, म्हणजे पूर्ण फेरीला २ मिनिटं. याला स्टँडर्ड रेट म्हणतात. टर्न कोऑर्डिनेटरवरच्या चिमुकल्या विमानाचा पंख खुणेवर टेकवून धरला की हा वेग मिळतो. १०० नॉट्सला त्यासाठी साधारण १५ अंश कलावं लागतं. वेग वाढला की कलही वाढतो. २५० नॉट्सला तो ३४ अंशांवर जातो, म्हणून मोठी जेट विमानं बऱ्याचदा यापेक्षा संथ वळतात.

समजा दिशा ३५० आहे आणि ११० वर जायचंय. उजवीकडे १२० अंश, भागिले ३, म्हणजे ४० सेकंद. कलायला सुरुवात करतानाच वेळ मोजायला घ्यायची आणि चाळिसाव्या सेकंदाला विमान सरळ करू लागायचं. कलताना थोडं कमी वळलेलं असतं, सरळ होताना तेवढंच जास्त वळलं जातं, हिशेब जुळतो. मग होकायंत्र स्थिरावेपर्यंत थांबायचं. ही थांबण्याची शिस्त भल्याभल्यांना जमत नाही. त्याने १०५ दाखवलं, तर उरलेले ५ अंश निम्म्या वेगाने, तीनेक सेकंदांत.

खूण खरी आहे का, हे आधीच पाहून ठेवावं लागतं. दिशादर्शक चालू असताना १० सेकंदांत ३० ऐवजी २७ च अंश भरले, तर त्या विमानात ९० अंशांना ३० नव्हे, ३३ सेकंद धरायचे.

रडारची सोय असेल तर घड्याळही नियंत्रकाकडे देता येतं. तो पडद्यावर पाहून फक्त ‘वळा’ आणि ‘थांबा’ सांगतो. पण वैमानिक स्टँडर्ड रेटनेच वळतोय हे तो गृहीत धरतो. धावपट्टीच्या अखेरच्या रेषेवर आल्यावर मात्र वळणं निम्म्या वेगाने घ्यायला सांगतो.